मालाची चिठ्ठी, तासांची चिठ्ठी आणि ओव्हरहेडचा दर: फर्निचरच्या एका ऑर्डरचा खरा खर्च

प्रश्न: हडपसरजवळ माझा ऑर्डरप्रमाणे फर्निचर बनवण्याचा छोटा कारखाना आहे. पाच कारागीर आणि एक मदतनीस. माल किती लागेल ते काढतो आणि त्याच्या दुप्पट कोटेशन देतो. वर्षभर काम भरपूर असतं, पण मार्चमध्ये हातात काही उरत नाही. सीए म्हणतात जॉब कॉस्टिंग सुरू करा, मालाच्या आणि तासांच्या चिठ्ठ्या ठेवा आणि तासावर ओव्हरहेड लावा. एवढ्याशा जागेत हे नेमकं करायचं कसं, आणि तासाचा दर काढायचा कसा?

उत्तर: तुमची गडबड बहुधा "दुप्पट" या हिशोबातच आहे. मालाच्या दुप्पट किंमत लावली की महाग माल आणि कमी हातकाम असलेल्या वस्तूला भाव जास्त लागतो, आणि थोडा माल पण भरपूर हातकाम असलेल्या वस्तूला कमी. गिऱ्हाईक पहिल्या प्रकारात दुसरीकडे जातं आणि दुसऱ्या प्रकारात आनंदाने तुमच्याकडे येतं. म्हणजे नफ्याची कामं हातची जातात आणि तोट्याच्या कामांनी कारखाना भरतो. कारखाना भरलेला आणि खिसा रिकामा हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ते यामुळेच. पुण्याच्या आसपासच्या फर्निचर कारखान्यांचे हिशोब मी बरीच वर्षं बघतो, आणि हे चित्र मला वारंवार दिसतं.

दर ऑर्डरला एक नंबर द्या आणि त्या नंबराची एक जॉब शीट उघडा. त्या शीटवर तीनच गोष्टी चढतात: चिठ्ठीवर गेलेला माल, चिठ्ठीवर लागलेले तास, आणि त्या तासांच्या हिशोबाने ओव्हरहेड. आधी ओव्हरहेडचा दर काढू, कारण तुम्ही अडलात ते तिथे.

तासाचा दर

दर म्हणजे एक अपूर्णांक. त्यात वर ओव्हरहेड येतं, म्हणजे वर्षाचा कारखान्याचा असा सगळा खर्च, जो कुठल्याही एका ऑर्डरच्या नावावर टाकता येत नाही. खाली वर्षभरात ऑर्डरींवर प्रत्यक्ष लागणारे तास येतात. तुमच्याएवढ्या कारखान्याचे आकडे समजायला धरतो, त्यांच्या जागी तुम्ही तुमचे घाला.

- शेडचं भाडं: ३,८४,०००
- वीज: १,३२,०००
- मदतनीसाचा पगार, बोनससह: १,८०,०००
- कारागिरांचे कुठल्याच ऑर्डरवर न लागलेले तास: २,८९,०००
- तुमच्या स्वतःच्या देखरेखीचा मोबदला: २,४०,०००
- मशिनरीचा घसारा: ९०,०००
- ब्लेडची धार, बिट, दुरुस्ती: ६६,०००
- पॉलिश पेपर, खिळे, स्क्रू, टेप वगैरे किरकोळ: ७५,०००
- विमा, चहापाणी, भुसा आणि कचरा उचलणं: ४२,०००

बेरीज १४,९८,००० रुपये. यातल्या दोन ओळी लोक हमखास गाळतात. एक तुमचा मोबदला. तुम्ही दिवसभर शेडमध्ये उभे राहून कटिंग लिस्ट देता, मापं तपासता. ते काम करायला माणूस ठेवला असता तर त्याला पगार दिलाच असता. ती रक्कम घरखर्चाला उचलल्याने ती नफा होत नाही. दुसरी ओळ न लागलेल्या तासांची, तिचा उलगडा खालच्या आकड्यात होतो.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ सुट्ट्या, गणपती-दिवाळीसारखे सणाचे १२ दिवस आणि सरासरी १३ रजा काढल्या तर २८८ दिवस उरतात. आठ तासांच्या पाळीने एका कारागिराचे २,३०४ तास. पण आठही तास ऑर्डरवर लागत नाहीत. सकाळी मशीन साफ करणं, माल उतरवून घेणं, वीज जाणं, चहा, पुढच्या कामाचं माप येईपर्यंत थांबणं यात दीड तास सहज जातो. साडेसहा तास धरले तर माणशी १,८७२ आणि पाच जणांचे मिळून ९,३६० तास.

१४,९८,००० भागिले ९,३६० म्हणजे तासाला १६० रुपये. हा तुमचा ओव्हरहेडचा दर.

कागदावर पाच जणांचे ११,५२० तास दिसतात म्हणून त्याच आकड्याने भागलंत, तर दर १३० येईल आणि कोटेशन स्वस्त दिसेल. पण वर्षाअखेर ऑर्डरींवर ९,३६० तासच लागलेले असतील. तासामागे ३० रुपयांप्रमाणे २,८०,००० च्या वर खर्च कुठल्याही ऑर्डरवर न चढता तसाच राहील. मार्चमध्ये "काहीच उरत नाही" यातला बराच भाग इथे सापडतो.

मजुरीचा दर वेगळा काढायचा. प्रत्येक कारागिराचा वर्षाचा पगार, बोनस, भरपगारी रजा आणि असेल तर पीएफमधला तुमचा वाटा, हे सगळं मिळून २,३०४ तासांनी भागा. समजा दोन मिस्त्री तासाला १५०, दोन सुतार १२० आणि पॉलिशवाला १३० रुपयांना पडतात. इथे २,३०४ ने भागलं, म्हणून न लागलेल्या ४३२ तासांचा पगार ओव्हरहेडमध्ये घ्यावा लागला: पाच जणांचे दर मिळून ६७०, गुणिले ४३२, म्हणजे तेच २,८९,०००. काही जण मजुरीचाच दर १,८७२ तासांनी भागून काढतात. तेही चालतं, पण मग ती ओळ ओव्हरहेडमधून काढून टाका. दोन्हीकडे धरलीत तर तोच पगार दोनदा लागेल आणि तुमचे भाव उगाच चढतील.

दर वर्षाचा एकच ठेवा, महिन्याचा नको. पितृपक्षात ऑर्डरी आटतात आणि दसऱ्यानंतर सगळ्यांना दिवाळीआधी डिलिव्हरी हवी असते. भाडं मात्र दर महिन्याला तेवढंच असतं. महिन्याचा दर काढलात तर मंदीतली खुर्ची महाग आणि दिवाळीतली तीच खुर्ची स्वस्त पडेल, आणि मंदीत भाव चढवून तुम्ही उरलीसुरली गिऱ्हाइकंही घालवाल.

मालाची चिठ्ठी

नियम एकच: चिठ्ठीशिवाय रॅकवरून काहीही हलत नाही. चिठ्ठीवर जॉब नंबर, तारीख, वस्तू, माप, नग, मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही. दर कारागिराने लिहायचा नाही, तो संध्याकाळी ऑफिसात भरायचा. स्टोअरकीपर ठेवायची तुम्हाला गरज नाही. मदतनीसाकडे चिठ्ठीबुक आणि हार्डवेअरच्या कपाटाची किल्ली द्या, एवढं पुरतं. तुम्हाला जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर दर जीएसटी वगळून घ्या. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळत नाही, तेव्हा भरलेला जीएसटी मालाच्याच किमतीत धरायचा.

या धंद्यात खरी डोकेदुखी असते ती उरलेल्या तुकड्यांची. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट म्हणजे ३२ चौरस फूट. कामाला २५ लागले तर उरलेल्या सातांचं काय? पूर्ण शीट त्या जॉबवर टाकायची. तुकडा पुन्हा कामाला येण्याइतका मोठा असेल, समजा दोन्ही बाजूंनी दोन फुटांपेक्षा मोठा, तर परत-चिठ्ठी करून तो रॅकवर ठेवायचा आणि त्याच्या क्षेत्रफळाच्या अर्ध्या भावाने जॉबला वजावट द्यायची. अर्ध्या भावाने अशासाठी, की असे बरेच तुकडे महिनोन्‌महिने पडून राहतात आणि शेवटी भंगारात जातात. त्यापेक्षा लहान तुकडा ही त्या जॉबचीच नासाडी. मापाचा हा नियम भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे रोज वाद होणार नाही.

सागवानाचं गणित वेगळं आहे. चिठ्ठीवर लाकूड रंधा मारण्याआधीच्या मापाने लिहायचं. आठ फूट लांब, सहा इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. तीच रंधून सव्वा इंचावर आली की फक्त जाडीत सहावा हिस्सा भुश्यात गेला. त्यात गाठी, टोकाच्या चिरा आणि करवतीची रुंदी वेगळी. ड्रॉइंगवरच्या तयार मापावरून लाकूड मोजून कोटेशन देणाऱ्याचं नुकसान पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

एखाद्या जॉबला नंतर जास्तीचा माल लागला तर त्याची चिठ्ठी दुसऱ्या रंगाची असू द्या आणि तीवर कारण लिहिलंच पाहिजे: माप चुकलं, फळी फाटली, गिऱ्हाइकाने डिझाइन बदललं. शेवटचं कारण असेल तर ती चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या जादा बिलाचा पुरावा होते. शिवाय साइटवरून कारागिराने जवळच्या दुकानातून परस्पर आणलेल्या बिजागऱ्या आणि चॅनल विसरू नका. त्या पावतीच्या पाठीवर जॉब नंबर नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, एवढी शिस्त पुरते.

फेव्हिकॉलसारख्या वस्तूचं काय करायचं हे नेहमी विचारलं जातं. थेंबाथेंबाची चिठ्ठी कोणी करणार नाही. पण ते किरकोळ समजून ओव्हरहेडमध्ये टाकलं तर लॅमिनेटच्या कामात ओतलेल्या गोंदाचा बोजा सागवानी खुर्चीवर पडतो. महिन्यात किती गोंद संपला आणि किती शीट चिकटवल्या एवढं बघा, शीटमागे एक रक्कम ठरवा आणि लॅमिनेटच्या चिठ्ठीसोबत ती लावा.

तासांची चिठ्ठी

दर माणसाची रोज एक. जॉब नंबर, काम, सुरू, बंद. कामांची नावं पाच-सहाच ठेवा: कटिंग आणि रंधा, आकार देणं, सांधे आणि जोडणी, घासकाम, पॉलिश, साइट फिटिंग. पाव तासाइतकी अचूकता पुरे. कुठल्याच जॉबवर नसलेल्या वेळेला ०० हा नंबर द्या.

संध्याकाळी सहा वाजता दिवसभराचं आठवून लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी असते. मिस्त्रीला सकाळचा चहा, जेवण आणि सुट्टी या तीन वेळी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहायला सांगा. त्याला त्या वेळी दहा मिनिटं मोकळी द्या, कारण हेही कारखान्याचंच काम आहे.

चिठ्ठ्या खऱ्या आहेत की नाहीत हे ओळखायला फार लागत नाही. रोज "जॉब ४१, चार तास, जॉब ४३, चार तास" असे गोल आकडे येत असतील आणि ०० वर कधीच काही नसेल, तर त्या बनवलेल्या आहेत. कारागिराला वाटतं, रिकामा वेळ दिसला तर बोलणी खावी लागतील. म्हणून तो ते तास ज्याचा हिशोब संपलेला नाही अशा कुठल्यातरी जॉबवर ढकलतो. ते टाळायचं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा की ०० वरचे तास दराच्या हिशोबात आधीच धरलेले आहेत, माणशी रोज दीड तास. आणि मग त्या तासांवरून खरोखरच कोणाला बोलू नका. दर आठवड्याला चिठ्ठ्यांची बेरीज हजेरीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर त्याच आठवड्यात शोधा, नंतर सापडत नाही.

ओव्हरटाइमच्या जादा दराबद्दल एक गोष्ट ठरवून टाका. गिऱ्हाइकाने घाई केली म्हणून लागला असेल तर जादा रक्कम त्याच्या जॉबवर, आणि दिवाळीची एकूण गर्दी म्हणून लागला असेल तर ओव्हरहेडवर. नाहीतर रात्री सातनंतर ज्याचं काम हाताला आलं त्याचं कपाट विनाकारण महाग दिसतं.

एका ऑर्डरचा पूर्ण हिशोब

घासूनपुसून बनवलेल्या सहा सागवानी डायनिंग खुर्च्या घेऊ, पाठीला वळण असलेल्या. पहिल्या चिठ्ठीवर ४.६ घनफूट सागवान गेलं. दोन मागचे पाय चिरले म्हणून दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीवर आणखी ०.५ गेलं. शेवटी ०.३ परत आलं. सागवानाचा सरळ लांब तुकडा पुढे कुठेही वापरता येतो, म्हणून त्याला मी पूर्ण भाव देतो. निव्वळ ४.८ घनफूट, ३,८०० रुपयांनी १८,२४०. गाद्या बाहेरून शिवून आणल्या त्याचे ५,४००. पॉलिशचा माल २,४००. एकूण माल २६,०४० रुपये.

तासांच्या चिठ्ठ्या अशा जमल्या: कटिंग आणि रंधा २२, पाठींना आकार देणं ३०, सांधे आणि जोडणी ३४, घासकाम २०, पॉलिश २४. एकूण १३० तास. यात मिस्त्रीचे ६२ तास (९,३०० रुपये), सुताराचे ४४ (५,२८०) आणि पॉलिशवाल्याचे २४ (३,१२०). मजुरी १७,७०० रुपये. ओव्हरहेड १३० गुणिले १६०, म्हणजे २०,८००.

तिन्ही मिळून ६४,५४० रुपये. तुमच्या पद्धतीने कोटेशन निघतं मालाच्या दुप्पट, सुमारे ५२,०००. म्हणजे ऑफिसचा खर्च धरायच्या आधीच १२,५०० रुपयांचा खड्डा. आणि जॉब शीट नसती तर तुम्हाला यात २६,००० सुटलेले दिसले असते.

आता त्याच कारखान्यातला सात बाय सात फुटांचा लॅमिनेटचा वॉर्डरोब बघा. प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनल, एज बँड, गोंद मिळून माल ४६,५००. तास लागले ९६, पैकी मिस्त्रीचे ३० आणि सुतारांचे ६६, मजुरी १२,४२०. ओव्हरहेड १५,३६०. खर्च ७४,२८०, आणि दुपटीच्या हिशोबाने कोटेशन ९३,०००. जवळजवळ १९ हजार शिल्लक.

ऑफिस, फोन, साइट-भेटी, जाहिरात हे खर्च मी तासाच्या दरात घालत नाही. ते माल बनवण्याचे खर्च नाहीत. ३१ मार्चला अर्धवट जॉबची किंमत धरताना विक्रीचा खर्च त्यात मिसळलेला असला तर हिशोब तपासणीस तो काढायलाच लावतो, कारण साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा मानक एएस २ विक्रीखर्च वगळायला सांगतं. तुमचा वर्षाचा कारखाना खर्च मालासकट ६३-६४ लाख आणि ऑफिसचा ५ लाखांच्या आसपास असेल तर ८ टक्के येतात. ते चढवून विक्रीच्या १० टक्के नफा धरला, तर खुर्च्यांचं कोटेशन ७७,५०० च्या घरात जायला हवं होतं आणि वॉर्डरोबचं ८९,००० च्या. वॉर्डरोबवाला "दुसरीकडे स्वस्त मिळतं" म्हणून उठून गेला असेल, तर तुम्ही चार हजार सोडूनही पूर्ण नफा कमावला असता.

कोटेशन देताना हाताशी ठेवायला आणखी एक आकडा उपयोगी पडतो. किंमतीतून माल वजा करा आणि उरलेल्याला तासांनी भागा. खुर्च्यांना येतात तासाला २०० रुपये, वॉर्डरोबला ४८४. तुमच्या कारखान्याचा एक तास पडतो सरासरी मजुरी १३४, ओव्हरहेड १६० आणि ऑफिस ५४ मिळून साधारण ३४८ रुपयांना. दिवाळीच्या गर्दीत, जेव्हा हातांना उसंत नसते, तेव्हा तासाला २०० देणारी ऑर्डर घेऊन तुम्ही ४८४ देणारी नाकारत असता. पितृपक्षात चित्र उलटं असतं. कारागीर महिन्याच्या पगारावर आहेत आणि शेड रिकामी आहे, अशा वेळी २०० सुद्धा शून्यापेक्षा बरे. तेव्हा खुर्च्या जरूर घ्या, पण तोटा किती होतोय हे माहीत असताना, आणि डिलिव्हरी दसऱ्याच्या आत संपेल अशी तारीख देऊन.

महिनाअखेरचा मेळ

दर वर्षाच्या अंदाजावर काढलाय, तेव्हा प्रत्यक्षाशी तो जुळणार नाहीच. किती फरक पडला आणि कशामुळे, हे दर महिन्याला बघायचं. महिन्याचा अंदाज होता १,२४,८०० रुपये खर्च आणि ७८० तास. समजा प्रत्यक्ष खर्च झाला १,२८,००० आणि जॉबवर लागले ७०० तास. जॉबवर चढलं ७०० गुणिले १६०, म्हणजे १,१२,०००. फरक १६,०००. त्यातले ३,२०० जास्त खर्च केल्याचे. उरलेले १२,८०० तास कमी पडल्याचे, ८० तास गुणिले १६०. हे दोन तुकडे वेगळे केल्याशिवाय उपाय कळत नाही. पहिल्यासाठी वीजबिल आणि दुरुस्तीची बिलं काढून बसावं लागतं. दुसऱ्यासाठी ऑर्डरी आणाव्या लागतात, किंवा ०० वर एवढे तास का गेले ते विचारावं लागतं.

असा फरक दिसला म्हणून त्या महिन्याच्या जॉबवर तो मागून वाटू नका. ऑर्डरी नव्हत्या म्हणून रिकामं राहिलेल्या शेडचं भाडं चालू ऑर्डरच्या गिऱ्हाइकाचं नव्हे. एएस २ चं सुद्धा हेच म्हणणं आहे: स्थिर कारखाना खर्च नेहमीच्या क्षमतेच्या हिशोबाने मालावर चढवायचा, आणि काम कमी झाल्यामुळे न चढलेली रक्कम त्याच वर्षाच्या खर्चात टाकायची. तीनचार महिने सलग एकाच दिशेने फरक येत असेल, किंवा शेड बदलली, मोठं मशीन घेतलं, कारागीर वाढले, तर मात्र दर नव्याने काढा. एरवी एप्रिलमध्ये एकदा काढला की पुरे.

हा दर कुठे फसतो

तासावर ओव्हरहेड लावण्यामागे असं गृहीत आहे की जिथे माणसाचा तास जास्त, तिथे कारखान्याचा खर्चही जास्त. हातकामाच्या कारखान्यात ते बऱ्यापैकी खरं असतं. उद्या तुम्ही मोठं पॅनेल सॉ आणि ऑटोमॅटिक एज बँडर घेतलंत, तर लॅमिनेटच्या जॉबचे माणसांचे तास घटतील आणि त्यावर ओव्हरहेड कमी चढेल. पण घसारा आणि वीज वाढलेली असेल ती याच जॉबमुळे, आणि तिचा बोजा हाताने बनणाऱ्या खुर्च्यांवर जाईल. तेव्हा दर दोन करा: मशीन विभागाला मशीनच्या तासावर, जोडणी आणि पॉलिशला माणसाच्या तासावर. आज तुमच्याकडे एवढ्यासाठी दोन दर ठेवणं मला गरजेचं वाटत नाही.

दुसरी जागा तुम्हाला आजच लागू पडू शकते: ठेक्याने दिलेलं काम. गर्दीत पॉलिश किंवा जोडणी चौरस फुटाच्या भावाने ठेकेदाराला दिलीत, तर त्याचे तास चिठ्ठीवर येत नाहीत आणि त्या जॉबवर ओव्हरहेड चढतच नाही. जॉब शीटवर ते काम स्वस्त दिसतं आणि ठेक्याने देणंच परवडतं असा समज होतो. पण त्याने वापरलेली जागा, वीज, कॉम्प्रेसर तुमचाच असतो. त्याची माणसं तुमच्या शेडमध्ये काम करत असतील तर त्यांचे तासही चिठ्ठीवर घ्या. मजुरीच्या रकान्यात ठेक्याची रक्कम लिहा आणि त्या तासांना ओव्हरहेड लावा. दर मात्र १६० नको. तुमच्या कारागिरांच्या न लागलेल्या तासांची ओळ त्यातून वगळा, कारण ठेकेदाराच्या रिकाम्या वेळेचे पैसे तुम्ही देत नाही. १२,०९,००० भागिले ९,३६० म्हणजे तासाला १२९ रुपये लावा. ठेका बारा महिने चालणार असेल तर त्याचे तास खालच्या ९,३६० मध्ये मिळवून दर पुन्हा काढा. आणि तो तुमच्या शेडबाहेर, त्याच्या जागेत काम करत असेल तर काहीच लावू नका, त्याच्या बिलात त्याचं ओव्हरहेड आधीच धरलेलं आहे.